अंगठ्याचं कुलूप

दीपमाला जाधवला शिकायचं होतं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. तिला आधी झोपायचं होतं. पहाटे उठून वॉर्डात जायचं, दुपारी वर्गात डोळे उघडे ठेवायचे, संध्याकाळी मेसचं ताट घेऊन खोलीत यायचं आणि पुस्तक मांडीवर घेतल्याबरोबर मान खाली पडायची. सांगलीच्या त्या नर्सिंग होस्टेलमध्ये बाकीच्या मुली एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. त्यांना सगळं जमायचं, वर आणखी हसायलाही जमायचं. दीपमाला चौतीस वर्षांची होती. मुली तिला ताई म्हणायच्या, आणि त्या एका शब्दानं ती खोलीत असूनही जरा बाजूला बसल्यासारखी व्हायची.

तिचं घर रहिमतपूरच्या पलीकडं एका वाडीत. थोडा ऊस, दोन म्हशी, सासू बनुबाई आणि दहा वर्षांचा राजवर्धन. नवरा जयराज सैन्यात होता तोवर हे सगळं तिच्याच अंगावर होतं. तो सतरा वर्षांची नोकरी करून नाईक म्हणून घरी आला, त्याच साली तिनं नर्सिंगच्या प्रवेशाचा विषय काढला. पस्तिशीनंतर प्रवेश मिळत नाही, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. बनुबाईला ते पटलं नाही. नवरा आला आणि बायको निघाली, असलं कुठं असतं का, असं ती शेजारणीला म्हणाली आणि ते दीपमालाच्या कानावर येईल अशा बेतानं म्हणाली. जयराज मात्र जा म्हणाला. त्यानं फार विचार केला होता असं नाही. हुकूम सुटावा तसं तो म्हणाला आणि मग ते पाळायला बसला.

पहिले सहा महिने घरच्या बाजारावरून रोज भांडण. दीपमाला फोनवरून सांगायची, तूरडाळ आणा, चहापूड आणा, राजूच्या वह्या. जयराज हो हो म्हणायचा आणि बाजारातून चहापूड सोडून सगळं घेऊन यायचा. कधी कागदावर लिहून न्यायचा तर कागद दुसऱ्या शर्टाच्या खिशात. दिवसभर वॉर्डात उभी राहिलेली बाई आणि दिवसभर न कळणारं घर सांभाळणारा बाप्या, दोघांचंही डोकं तापायला साखरेचा एक पुडा पुरायचा.

हे भांडण मिटवलं चंदनानं. चंदना तिची खोलीतली जोडीदार, समडोळीकडची, जैन शेतकऱ्याची पोरगी, मोबाईलमध्ये हात बुडवलेली. तिनं दीपमालाच्या फोनमध्ये नोंदींचं एक ॲप दाखवलं. त्यात यादी करता येत होती आणि प्रत्येक ओळीपुढं एक रिकामी चौकट होती. चौकटीवर बोट टेकवलं की टिक होऊन ती ओळ तळाला जायची. ही यादी जयराजच्या फोनवरही पाठवून ठेवली, म्हणजे एकच यादी दोघांच्या हातात. दीपमालानं सांगलीत ‘चहापूड’ लिहिलं की ते रहिमतपुरात उमटणार. जयराजनं तिथं टिक केली की इकडं ती ओळ खाली जाणार. महिन्याची यादी पुन्हा लिहायलाही नको, सगळ्या टिका एकदम काढल्या की तीच यादी नव्यानं उभी.

जयराजला ते फारच पसंत पडलं. रसद कशी मागवायची आणि कशी मोजून घ्यायची हे त्याला सतरा वर्षं माहीत होतं, फक्त घर त्या पद्धतीनं चालत नाही असं त्याला वाटत होतं. तो प्रत्येक वस्तूपुढं वजन लिहू लागला. किराणा दुकान जुन्या माडीच्या खालच्या अंगाला होतं, तिथं रेंज नव्हती. मग तो बाहेर रस्त्यावर आला की सगळ्या टिका एका दमात सांगलीला पोचायच्या. दीपमाला कधी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात दोन मिनिटं फोन उघडायची आणि समोर ओळी भराभर खाली जायच्या. आता हे दुकानातून बाहेर पडले, आता गाडीला पिशवी अडकवत असतील, एवढं तिला कळायचं आणि पुरायचं.

बनुबाईला वाचता येत नव्हतं. मग त्याच यादीत तिच्यासाठी माइकचं बटण कामाला आलं. जयराज फोन तिच्या तोंडापुढं धरायचा आणि ती बोलायची. दीपमालाला होस्टेलमध्ये ऐकू यायचं, “लसूण हाय अजून. लिहू नगं. परवाचा तसाच पडलाय. आन् शेंगदाणं बघून घ्यावं, मागल्या खेपेला खवट दिलं त्यानं.” मागं कोंबड्या, राजूची दप्तराची आदळआपट. दीपमाला सांगलीला गेल्यापासून सासूनं सुनेशी फोनवर सरळ असं काही बोलणं टाळलं होतं. यादीत मात्र ती बोलायची.

एकदा जयराजनं तूरडाळीच्या खाली एक ओळ घातली, ‘पाय दुखतोय का अजून?’ दीपमालानं ती वाचली आणि काय लिहावं ते न सुचून चौकटीवर टिक केली. ओळ खाली गेली. त्याला ती टिक म्हणजे हो समजावं का वाचलं एवढंच समजावं, हे कळलं नाही. त्यानंही विचारलं नाही. दोघांना बोलायची ताकद नसायची, आणि यादी बोलत असल्यासारखं वाटायचं.

अभ्यासालाही तेच ॲप लागलं. पुस्तक वाचताना झोप येते पण बोलताना येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग ती होस्टेलच्या गच्चीवर जाऊन धडा मोठ्यानं वाचायची आणि रेकॉर्ड करायची. इंग्रजी वाक्य, मागून त्याचं स्वतःच्या मराठीत सांगणं. डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध कशी मोजायची, डोळे किती उघडतो, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, तिन्हीचे मिळून पंधरा गुण, आणि अगदी काहीच नसलं तरी तीन. शनिवारी सांगलीहून पॅसेंजरनं घरी निघाली की कानात हे चालू. फोनमध्येच असल्यामुळं वाटेत रेंज गेली तरी आवाज थांबायचा नाही. स्वतःचाच दमलेला आवाज ऐकत ती ताकारी, कराड, मसूर ओलांडायची. कधी कधी त्या आवाजात मध्येच जांभई असायची, आणि ती ऐकून गाडीत तिला पुन्हा जांभई यायची.

कुलपाची गोष्ट दुसऱ्या वर्षी आली. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकीनं एका रुग्णाची पूर्ण केस स्टडी करायची असते. रोजच्या रोज बघायचं, लिहायचं, काळजी कशी घेतली आणि का घेतली ते मांडायचं. त्यांच्या ट्यूटर त्रिशला चौगुले मॅडम कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं की रुग्णाचं नाव, गाव, फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा नाही. टिपण ठेवायचंच असेल तर नुसतं आजाराच्या नावानं, आणि तेही दुसऱ्याला उघडता येणार नाही असं.

चंदनानं लगेच दाखवलं. नोंदीला कुलूप लागतं. कुलूप लावताना ॲपनं एक पासवर्ड मागितला. तो फोनच्या कुलपाहून वेगळा, फक्त नोंदींसाठी. पासवर्ड विसरला तर आठवण व्हावी म्हणून एखादी हिंट लिहा, असंही म्हणालं. जेवणाची घंटा झाली होती. दीपमालानं काहीतरी पासवर्ड घातला, हिंटच्या जागी ‘नेहमीचा’ असं लिहिलं आणि पुढं अंगठ्यानं उघडायची सोय चालू केली. त्या दिवसापासून पासवर्ड तिला एकदाही टाकावा लागला नाही. अंगठा टेकवायचा, नोंद उघडायची. बाहेर नुसता मथळा आणि शेजारी छोटं कुलूप.

तिला ते कुलूप आवडलं. घरी एकच कपाट, त्याची किल्ली बनुबाईच्या कमरेला. होस्टेलमध्ये खाटेखालची ट्रंक. आपलं असं बंद करता येईल असं तिच्याकडं पहिल्यांदाच काही आलं होतं. तिनं केस स्टडीला कुलूप लावलं, मग काळजीच्या आराखड्यांना, मग औषधांच्या टिपणांना, मग दुसऱ्या वर्षाच्या जवळजवळ सगळ्या लिहिलेल्या अभ्यासाला. राजूच्या हातात फोन गेला तर तो काही पुसून टाकेल ही एक भीती होती. पण खरं म्हणजे तिच्या मनात कुलूप म्हणजे सुरक्षित असं बसलं होतं. एकदा चंदनानं तिचा एक आराखडा मागितला तर ॲप म्हणालं, कुलूप असलेली नोंद दुसऱ्याला पाठवता येत नाही, आधी कुलूप काढा. चंदना म्हणाली, राहू दे ताई, मी तुझ्या फोनवरच वाचते. कुलूप तसंच राहिलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती घरी होती. सोमवारी केस स्टडी सादर करायची होती. लिहून झाली होती, फक्त स्वच्छ उतरवायची बाकी, आणि ते ती संध्याकाळी होस्टेलला पोचून करणार होती. म्हशीला पाणी पाजताना ती हौदावर वाकली आणि गाऊनच्या खिशातला फोन सरळ पाण्यात गेला. हौद खोल होता. जयराजनं बाही वर करून हात घातला, मग काठी, मग बादलीनं पाणी उपसलं. फोन हाती आला तेव्हा त्याच्या काचेच्या आत पाणी हलताना दिसत होतं.

जयराजनं धीर सोडला नाही. सैन्यात असताना वापरलेला एक जुना फोन त्याच्या ट्रंकेत होता. त्यानं तो चार्ज केला, दीपमालाचं सिमकार्ड पुसून वाळवून त्यात घातलं. तिनं आपलं खातं उघडलं. ॲप उतरलं, गोल फिरत राहिलं, आणि मग एकेक करून नोंदी येऊ लागल्या. बाजाराची यादी आली, तिच्यातल्या टिकांसकट. बनुबाईचा आवाज आला. गच्चीवरचे धडे आले, जांभयांसकट. सगळ्यात शेवटी कुलपाच्या नोंदी आल्या, मथळे एकाखाली एक. ‘केस स्टडी, डोक्याची दुखापत.’ तिचा जीव भांड्यात पडला.

तिनं त्यावर अंगठा टेकवला. काही झालं नाही. या फोनवर अंगठा चालू करायला आधी एकदा पासवर्ड टाकावा लागत होता.

तिनं नेहमीचा पासवर्ड टाकला. चूक. राजूची जन्मतारीख टाकली. चूक. काही वेळा चुकल्यावर खाली हिंट उमटली, ‘नेहमीचा’.

“नेहमीचा म्हंजे कुठला?” जयराजनं विचारलं.

तिला सांगता येईना. लग्नाची तारीख, सासऱ्यांचं नाव, वाडीचं नाव इंग्रजीत, आधी मोठं अक्षर मग लहान, जयराजचा सैन्यातला नंबर, म्हशीचं नावसुद्धा. दुपारभर ती अंगणात पायरीवर बसून टाकत राहिली. मध्ये मध्ये ॲप म्हणायचं, थोड्या वेळानं प्रयत्न करा. ती थोडा वेळ थांबायची. नवा पासवर्ड ठेवायची सोय होती, तीही तिनं बघितली. पण त्यानं नव्या नोंदींना नवं कुलूप लागणार होतं. जुन्या जुन्याच कुलपात राहणार.

जयराज ओला फोन घेऊन साताऱ्याला गेला. राजवाड्याकडं एक ओळखीचा दुरुस्तीवाला होता, तो रविवारीही दुकान उघडायचा. त्यानं फोन खोलला, आत वास घेतला आणि बोर्ड गेलाय म्हणाला. नोंदींचं विचारल्यावर त्यानं स्वच्छ सांगितलं की त्या पासवर्डशिवाय तोच काय, ॲपवाली कंपनीही उघडून देऊ शकत नाही. कुलूप खरं असतं ते असंच असतं. चंदनाला फोन केला, तिनं कुठं कुठं वाचून बघितलं आणि तीही तेच म्हणाली. मग चंदनालाच रडू यायला लागलं, म्हणून दीपमालानं फोन ठेवला.

संध्याकाळची पॅसेंजर गाठायची तर साडेचारला निघायला हवं होतं. दीपमाला पायरीवरून उठली नाही. पिशवी भरलेली दारात होती.

“मी जात न्हाई आता,” ती म्हणाली.

बनुबाई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. जयराज गाडी पुसत होता. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

“उद्या काय सांगू मॅडमना? चार म्हैनं लिहिलेलं त्यात हाय. परत कोण लिहिणार? मला न्हाई व्हत. मला आता काय बी व्हत न्हाई.” ती रडत नव्हती. बाजारात भाव सांगावा तशी सांगत होती.

जयराज येऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “तू जात न्हाई म्हणालीस तवा मला बरं वाटलं.”

तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

“लय दमलोय मी. सकाळी त्याचा डबा, आईचं औषध, म्हशी, पाण्याची पाळी. रात्री अंथरुणाला पाठ लागली की वाटतं, उद्या कुणी उठवू नये. तुला कसं सांगणार? तू माझ्यापरीस दमलेली. म्हणून नव्हतं सांगितलं.”

बनुबाई दारातून म्हणाली, “तू कसला दमतोस रं. बाईमाणूस करतं तेवढंच करतूयास.” पण तिच्या बोलण्यात नेहमीचं टोक नव्हतं. ती पण तिथंच उंबऱ्यावर टेकली. तिघं तीन ठिकाणी बसून राहिले. म्हैस हौदापाशी उभी होती आणि हौद रिकामा होता, तो पुन्हा कुणीतरी भरायचा होता.

दीपमालाला त्या वेळी काय वाटलं ते तिनं पुढं एकदा चंदनाला सांगितलं. नवऱ्याचा राग आला नाही. उलट त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला कळलं की ती थांबली तर हे सगळं उद्या सकाळपासून पुन्हा तिचं होणार, डबा, औषध, म्हशी, पाण्याची पाळी, आणि तो लाजत लाजत का होईना, पण सोडून देणार. आणि ती तिथंही दमणारच होती. दमायचंच असेल तर कशापायी दमायचं एवढंच तिच्या हातात होतं. ती उठली. म्हशीसाठी दोन बादल्या पाणी ओढलं. पाय धुतले आणि पिशवी उचलली.

जयराजनं गाडी चालू केली. स्टेशनवर पॅसेंजर यायला अवकाश होता. तो म्हणाला, “मघाशी बोललो ते मनात ठेवू नगस.”

“ठेवते,” ती म्हणाली. “खरं बोललासा, ते का सोडू?”

सोमवारी त्रिशला मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण सूटही दिली नाही. रुग्ण घरी गेलेला. आठवून लिहिलेली केस स्टडी त्या घेणार नव्हत्या, कारण आठवून लिहिलेल्यात आपण केलेलं चांगलं तेवढंच आठवतं, असं त्या म्हणाल्या. नवा रुग्ण घे, पहिल्यापासून कर, दिवाळीनंतर दे. म्हणजे दिवाळीची सुट्टी गेली. दीपमाला हो म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यात बसली. तिच्या अंगात रडायलाही त्राण नव्हतं.

नवा रुग्ण माण तालुक्यातला एक मेंढपाळ होता. मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला आणि खांद्याला मार. त्याचं नाव इथं सांगत नाही, तिनंही कुणाला सांगितलं नाही. त्याची बायको हरणाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून असायची आणि दीपमाला आली की आवं सिस्टर, ह्येंनी डोळं उघडलं का नीट, एवढंच विचारायची. दीपमाला त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारायची, बोटं दाबायला सांगायची, बरोबर काय बोलतो काय नाही ते बघायची. शुद्धीचे गुण पहिल्या दिवशी नऊ होते. मधे एक दिवस घसरून आठवर आले. त्या दिवशी तिनं सिस्टरना हाक मारली, डॉक्टर आले, त्याला पुन्हा तपासणीला नेलं. ती हरणाबाईजवळ बसून राहिली. हरणाबाईनं पिशवीतून शेंगा काढून तिच्या हातावर ठेवल्या आणि दोघींनी त्या सोलून खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून गुण चढू लागले.

गच्चीवरचे धडे तिच्या कामी आले. लिहिलेलं सगळं कुलपात गेलं होतं, पण आवाजाला कुलूप लावायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. कॉरिडॉरमध्ये ती जुना फोन कानाला लावून आपलंच सांगणं ऐकायची आणि लिहायला बसायची. लिहायची पुन्हा त्याच ॲपमध्ये, आणि कुलूपही पुन्हा लावलं, कारण नियम नियम होता. या वेळी पासवर्ड तिनं जयराजला फोनवर सांगितला. लिहून ठेवू नका, पाठ करा, म्हणाली. त्यानं तो दोनदा म्हणून दाखवला. मग दर आठवड्याला, बाजाराच्या बोलण्याच्या आधी, तो न विचारता म्हणून दाखवायचा. तीसुद्धा आता आठवड्यातून एकदा अंगठा बाजूला ठेवून बोटांनी टाकायची.

जुन्या नोंदी तिनं पुसल्या नाहीत. त्या खाली सरकत गेल्या.

त्या दिवाळीत ती पहिल्यांदाच घराबाहेर होती. यादी तिच्या हातात होतीच. तिनं फराळाचं सामान घालायला ॲप उघडलं तर रवा, बेसन, मैदा, तूप आधीच लिहिलेलं होतं, वजनासकट. उटणं लिहिलेलं होतं. राजूच्या किल्ल्यासाठी मावळे लिहिलेले होते. तिला घालायला काही उरलं नव्हतं. बनुबाईचा आवाज होता, “चकलीची भाजणी म्या दळून आणतीया. तिला सांग, तू लिहू नगं.” दीपमालानं ते एकदा ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. घर तिच्याशिवाय चालत होतं. त्यानं तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं. यादीत तिनं काहीतरी लिहायचं म्हणून ‘आत्यांसाठी गुडघ्याचं तेल’ असं लिहिलं; सासूला ती आत्या म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्यावर टिक होती.

केस स्टडीला गुण बेताचे पडले. मांडणी घाईची आहे असा शेरा होता, आणि तो खरा होता. शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, निरीक्षण रोजचं आहे, जमवलेलं नाही. दीपमाला त्या वाक्याकडं फार वेळ पाहत बसली नाही, कारण तासाभरात दुसरी ड्युटी होती. वार्षिक परीक्षेत ती पास झाली. एका विषयात अगदी काठावर. चंदनाला तिच्याहून पुष्कळ जास्त पडले आणि तिनंच दोघींचे पेढे आणले.

मेंढपाळ त्याआधीच घरी गेला होता; त्या दिवशी हरणाबाई वॉर्डात तिला शोधत होती म्हणे. दीपमाला वर्गात होती. भेट झाली नाही.

निकालानंतरच्या शनिवारी ती घरी निघाली. सोमवारपासून तिसरं वर्ष आणि खेड्यातल्या केंद्रावर नेमणूक. गाडीत तिनं कानात काहीच लावलं नाही. रहिमतपूरला उतरली तेव्हा जयराज आलेला नव्हता. बाजाराचा दिवस होता, त्याला उशीर होणार हे तिला ठाऊक होतं. ती फलाटावरच्या बाकावर बसली. ऊन उतरलं होतं आणि लिंबाची सावली बाकावर आली होती. पिशवी मांडीवर घेऊन तिनं डोळे मिटले.

जयराज आला तेव्हा ती झोपलेली होती, तोंड जरासं उघडं, मान एका बाजूला. गाडी कधीच निघून गेली होती. फलाटावर शेंगदाणेवाला आणि एक कुत्रं, बाकी कुणी नव्हतं. त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हातातल्या बाजाराच्या दोन्ही पिशव्या त्यानं आवाज न करता खाली ठेवल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. कोथिंबीर सुकेल असं त्याच्या मनात आलं. मग त्यालाही डुलकी लागली.